शिमल्याच्या अभ्यासवृत्तीसाठी महिनाभराची रजा: प्राचार्यांकडे काय मागावं आणि कसं

प्रश्न: मी तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात इतिहासाची सहायक प्राध्यापक आहे. शिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थानात सहयोगी म्हणून माझी निवड झाली आहे. तीन वर्षं, दर वर्षी एक महिना तिथे राहून काम करायचं. पहिल्या खेपेला १ ते ३० सप्टेंबर असं मी कळवलं आहे. मूळ अर्जावर प्राचार्यांची सही घेतली होती, पण आता रजेचं विचारलं तर सर म्हणाले, “अर्ज द्या, बघू.” जुलैमध्ये मी चौदा दिवसांचा रिफ्रेशर कोर्स केला आहे. कोणती रजा मागू, आणि अर्ज कसा लिहू म्हणजे नकार येणार नाही?

उत्तर:

मूळ अर्जावरची सही आणि रजेची मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती सही म्हणजे ‘अर्ज योग्य मार्गाने पुढे पाठवला’ एवढंच. तिने रजा मिळत नाही. त्यामुळे सर ‘बघू’ म्हणाले याचा अर्थ त्यांनी शब्द फिरवला असा घेऊ नका. मी प्राचार्य असताना असे अर्ज टेबलावर आले की मला तीन प्रश्न पडायचे. ही रजा कुठल्या नियमात बसते? या काळात हिचे तास कोण घेणार? आणि उद्या लेखापरीक्षणात कोणी विचारलं तर फायलीत काय दाखवायचं? तुमच्या अर्जात या तिन्हींची उत्तरं असतील तर प्राचार्यांना विचार करायला फारसं काही उरत नाही.

आधी रजेचा प्रकार. अनेक जण अशा वेळी अर्जित रजा मागतात, कारण ती ‘आपली’ असते आणि कोणाला काही सांगावं लागत नाही. माझं मत याच्या उलट आहे. तुम्ही घरच्या कामाला जात नाही आहात. तुमच्या पदाशी थेट संबंध असलेल्या संशोधनासाठी एका राष्ट्रीय संस्थेने तुम्हाला बोलावलं आहे. यासाठी कर्तव्य रजा आहे, जिला आपण सगळे ड्यूटी लीव्ह म्हणतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत ती आहे, आणि राज्य शासनाने ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने ते विनियम आपल्याकडे लागू केले आहेत. परिषदा, रिफ्रेशर यांच्याबरोबरच, महाविद्यालयाने पाठवलं असेल तर दुसऱ्या विद्यापीठात किंवा संस्थेत जाऊन काम करण्यासाठीही ही रजा देता येते.

‘महाविद्यालयाने पाठवलं असेल तर’ ही अट नीट लक्षात घ्या. शिमल्याने बोलावलं एवढं पुरेसं नाही, महाविद्यालयाने पाठवलं पाहिजे. म्हणून अर्जात फक्त ‘रजा मंजूर करावी’ असं लिहू नका. दोन गोष्टी मागा: एक, या अभ्यासवृत्तीसाठी महाविद्यालयातर्फे जाण्याची परवानगी, दोन, त्या काळाची कर्तव्य रजा. पुढे आदेश निघेल त्यातही हे दोन्ही यायला हवं. नुसती रजा मंजूर झाली तर कार्यालयातला लिपिक ती अर्जित रजेत टाकू शकतो, आणि सेवापुस्तकात एकदा तशी नोंद झाली की दुरुस्त करून घ्यायला फार फिरावं लागतं.

अध्ययन रजा इथे मागू नका. ती दीर्घ अभ्यासासाठी असते, तिच्यासोबत बंधपत्र आणि बऱ्याच अटी येतात. महिनाभरासाठी एवढा पसारा कशाला? किरकोळ रजा वर्षाला आठच, आणि ती कर्तव्य रजेला जोडता येत नाही. प्रवासाचे दोन दिवस किरकोळ रजेत दाखवून बाकीचे कर्तव्य रजेत, असं पुष्कळ जण करतात आणि तिथेच प्रकरण अडकतं.

आता तुमची खरी अडचण, जी प्रश्नात दिसते पण तुमच्या लक्षात आलेली नसावी. कर्तव्य रजेला एका शैक्षणिक वर्षात कमाल ३० दिवसांची मर्यादा आहे. जुलैचा रिफ्रेशर त्यातच मोजला जातो, म्हणजे १४ दिवस गेले आणि १६ उरले. १ ते ३० सप्टेंबर हे तीस दिवस शिमल्यातल्या मुक्कामाचे. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावाहून रेल्वेने चंदीगड किंवा कालका, तिथून वर शिमला, म्हणजे जायला दोन दिवस आणि यायला दोन दिवस धरावेच लागतात. हे प्रवासाचे दिवसही तुम्ही महाविद्यालयात नसता, म्हणून तेही रजेत आले. एकूण ३४ दिवस. शिल्लक १६. उरलेले १८ दिवस अर्जित रजेतून घेता येतील, कारण कर्तव्य रजेला अर्जित रजा जोडायला नियमाची हरकत नाही. पण तुमच्या खात्यावर तेवढी अर्जित रजा आहे का, हे आधी सेवापुस्तकात पाहायला हवं. शिवाय सप्टेंबर म्हणजे सत्राचा ऐन मध्य. सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार १६ तासांचा, चार आठवड्यांत ६४ तास बुडणार. एवढे तास बुडणार असतील तर मीसुद्धा ‘बघू’च म्हटलं असतं.

म्हणून माझा पहिला सल्ला अर्जाबद्दल नाही, तारखांबद्दल आहे. सप्टेंबर सोडा. शिमल्याला आजच पत्र लिहून महिना बदलून मागा आणि त्यांचं उत्तर लेखी घ्या. पहिल्या खेपेला विचारायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. पण सहयोगी म्हणून येणारे बहुतेक जण कुठे ना कुठे शिकवत असतात. शिकवण्याच्या वेळापत्रकाची अडचण त्यांच्यासाठी नवी नाही.

महिना कोणता मागायचा, ते उदाहरणाने सांगतो. तुमच्या विद्यापीठाचं शैक्षणिक वेळापत्रक समोर ठेवा. समजा दिवाळीची सुट्टी २० ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर आहे, म्हणजे २१ दिवस. सुट्टीतल्या दिवसांना रजा लागत नाही. तर शिमल्यातला मुक्काम ९ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर मागा. हे बरोबर तीस दिवस होतात. जाण्याचा प्रवास ७ आणि ८ ऑक्टोबर, येण्याचा ८ आणि ९ नोव्हेंबर. आता रजा लागते ती फक्त ७ ते १९ ऑक्टोबरची, म्हणजे १३ दिवस. जुलैचे १४ आणि हे १३ मिळून २७. मर्यादेच्या आत बसलात, अर्जित रजेला हातही लावावा लागला नाही, आणि बुडणारे तास चौसष्टवरून तीसच्या आसपास आले. १० नोव्हेंबरला महाविद्यालय उघडेल त्या दिवशी तुम्ही हजर.

यात मी एक गोष्ट मुद्दाम साधली आहे. रजा सुट्टीच्या एकाच बाजूला ठेवली आहे. मुक्काम तीन दिवस पुढे सरकवला असता तर १० ते १२ नोव्हेंबरही रजेत गेले असते, म्हणजे सुट्टीच्या आधीही रजा आणि नंतरही रजा. मग मधले २१ दिवस सुट्टी म्हणून धरायचे की सलग रजेत मोजायचे, असा वाद कार्यालयात निघतो. रजेत मोजले तर तुमची ३० दिवसांची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. मंजुरी देताना हा वाद कोणी काढत नाही. तो निघतो वर्षभराने, सहसंचालक कार्यालयातून सेवापुस्तक तपासताना. सुट्टी संपायच्या आत परत या, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

दिवाळीच्या बेतात एक धोका मात्र आहे, तो परीक्षेचा. पहिल्या सत्राच्या विद्यापीठ परीक्षा आणि केंद्रीय मूल्यांकन नेमकं याच दिवसांत येऊ शकतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षेचं काम शिक्षकाला बंधनकारक आहे, तिथे ‘मी शिमल्याला होते’ हे उत्तर चालत नाही. म्हणून आदेश निघाला की त्याची प्रत जोडून, प्राचार्यांमार्फत, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला पत्र द्या: अमुक तारखांना मी उपलब्ध नाही, १० नोव्हेंबरपासून मूल्यांकनाला येऊ शकते. नेमणुकीचं पत्र निघण्याआधी हे गेलं तर तुमचं नाव पुढच्या तारखांना घेता येतं. नेमणूक झाल्यावर गेलं तर ते टाळाटाळ वाटतं. महाविद्यालयातल्या परीक्षा अधिकाऱ्यालाही तोंडी सांगून ठेवा, कारण अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरायची मुदत याच काळात येऊ शकते. तुमच्या विषयाचे गुण ६ ऑक्टोबरच्या आत भरून टाका.

आता तासांचं. ‘सहकारी सांभाळून घेतील’ हे वाक्य मी पुष्कळ अर्जांत वाचलं आहे, आणि त्यावर कधीही विसंबलो नाही. तासिका तत्त्वावर कोणी मिळेल, यावरही अर्ज उभा करू नका. त्या नेमणुका सहसा रिक्त पदांच्या कार्यभारावर होतात, तेरा दिवसांच्या रजेसाठी कोणी देत नाही. त्याऐवजी एक पानाचा तक्ता करा. ७ ते १९ ऑक्टोबरमधला तुमचा प्रत्येक तास, वर्ग, विषयपत्रिका, आणि त्यासमोर तो तास कसा भरून निघणार ते. साधारण निम्मे तास तुम्ही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आधीच जास्तीचे घेऊन टाकू शकता. हे तास दुपारी शेवटी ठेवू नका. तालुक्याच्या कॉलेजातली निम्मी मुलं परतीच्या एसटीवर अवलंबून असतात, ती थांबत नाहीत आणि तुमचा तास कागदावरच राहतो. वेळापत्रकात मध्ये मोकळी तासिका असते तिथे घ्या. बाकीचे तास सहकाऱ्यांशी अदलाबदलीने: त्यांचे तास तुम्ही सप्टेंबरमध्ये घ्यायचे, तुमचे त्यांनी ऑक्टोबरमध्ये. तक्त्यावर त्या सहकाऱ्यांच्या आणि विभागप्रमुखांच्या सह्या घ्या. सह्या असलेला तक्ता पाहिला की प्राचार्य पुढचा प्रश्न विचारत नाहीत, हे मी त्या खुर्चीत बसून सांगतो आहे.

पैशांबद्दल उघडपणे लिहा. कर्तव्य रजा पूर्ण वेतनावर मिळते. पण अभ्यासवृत्तीतून नेहमीच्या खर्चापेक्षा जास्त रक्कम मिळत असेल तर वेतन कमी करून रजा देण्याची तरतूद नियमात आहे. तुमच्या निमंत्रणपत्रात प्रवासखर्च, राहणं, जेवण, मानधन यांतलं काय काय आहे, ते जसंच्या तसं अर्जात उतरवा. निवास-भोजन आणि प्रवासखर्च एवढंच असेल तर तो खर्च भागवणं झालं, त्याने तुमच्या पगाराला धक्का लागायचं कारण नाही. हे लपवलं आणि नंतर कळलं तर मात्र प्राचार्य अडचणीत येतात, कारण पगारबिलावर सही त्यांची असते. त्याच वेळी महाविद्यालयाकडून प्रवासभत्ता मागणार नाही, हेही लिहून टाका. एकाच प्रवासाचा खर्च दोन ठिकाणांहून घेता येत नाही, आणि हे वाक्य वाचून संस्थाचालकांचाही जीव भांड्यात पडतो.

अर्ज कोणाच्या नावे करायचा याबद्दल शंका नको, तो प्राचार्यांनाच. पण मंजुरीचा अंतिम अधिकार त्यांचा एकट्याचा आहे की संस्थेच्या सचिवांचा, हे प्रत्येक संस्थेत वेगळं असतं. कार्यालय अधीक्षकांना विचारा, त्यांना ते बरोबर माहीत असतं. काही ठिकाणी विषय महाविद्यालय विकास समितीसमोर ठेवतात, आणि ती समिती रोज बसत नाही. म्हणून निघण्याच्या किमान दोन महिने आधी अर्ज द्या. शक्य असेल तर आधी तक्ता घेऊन सरांना प्रत्यक्ष भेटा, तारखा का बदलल्या ते सांगा, आणि त्यानंतरच अर्ज आवक-जावकला द्या. आवक क्रमांक घातलेली प्रत स्वतःजवळ ठेवा.

अर्जाचा मसुदा असा:

प्रति,
मा. प्राचार्य,
(महाविद्यालयाचे नाव व गाव)

मार्फत: विभागप्रमुख, इतिहास विभाग

विषय: भारतीय उच्च अध्ययन संस्थान, शिमला येथे सहयोगी म्हणून जाण्याची परवानगी व कर्तव्य रजा मंजूर करणेबाबत.

संदर्भ: १) संस्थानाचे निवडपत्र, दि. ____  २) तारखांच्या बदलास मान्यता देणारे संस्थानाचे पत्र, दि. ____

महोदय,
संदर्भ १ नुसार माझी उपरोक्त संस्थानात सहयोगी म्हणून निवड झाली आहे. या योजनेत तीन वर्षे, दर वर्षी एक महिना संस्थानात राहून संशोधन करावयाचे आहे. प्रस्तुत अर्ज फक्त पहिल्या वर्षाच्या मुक्कामासाठी आहे. माझा विषय ‘____’ असा असून तो मी शिकवीत असलेल्या ____ या विषयपत्रिकेशी संबंधित आहे.

मुक्कामाचा कालावधी दि. ९ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर असा आहे. प्रवासासह मी दि. ७ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर या काळात मुख्यालयाबाहेर असेन. यांपैकी दि. २० ऑक्टोबरपासून विद्यापीठाची दिवाळी सुट्टी असल्याने दि. ७ ते १९ ऑक्टोबर अशी १३ दिवसांची कर्तव्य रजा आवश्यक आहे. चालू शैक्षणिक वर्षात मी यापूर्वी १४ दिवसांची कर्तव्य रजा घेतली असून ही रजा धरून एकूण २७ दिवस होतात.

रजेच्या काळातील तासिकांचे नियोजन संबंधित सहकाऱ्यांच्या सह्यांसह सोबत जोडले आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे काम दि. ६ ऑक्टोबरपूर्वी पूर्ण करीन. संस्थानाकडून मला ____ एवढेच मिळणार असून महाविद्यालयाकडे प्रवासभत्त्याची मागणी करणार नाही. परतल्यावर उपस्थिती प्रमाणपत्र व कामाचा अहवाल सादर करीन.

तरी सदर अभ्यासवृत्तीसाठी महाविद्यालयातर्फे जाण्याची परवानगी, उपरोक्त १३ दिवसांची कर्तव्य रजा आणि सुट्टीच्या काळात मुख्यालय सोडण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

सोबत: निवडपत्र, तारखांचे पत्र, तासिकांचा तक्ता.

आपली विश्वासू,
(नाव, पद, सही, दिनांक)

मसुद्यात तीन वर्षांचा उल्लेख मी जाणूनबुजून ठेवला आहे. तो दडवून पहिलं वर्ष पदरात पाडून घेणं सोपं वाटतं, पण पुढच्या वर्षी तोच अर्ज घेऊन गेलात की ‘हे आधी का सांगितलं नाही’ असं ऐकावं लागतं. मात्र तिन्ही वर्षांची रजा एकदम मागूही नका. पुढच्या वर्षांचं वेळापत्रक अजून निघालेलं नाही, आणि ज्या तारखाच ठरलेल्या नाहीत त्यांना मंजुरी द्यायला कोणताही प्राचार्य तयार होणार नाही.

अभ्यासवृत्तीची थोरवी अर्जात सांगू नका. संस्थान राष्ट्रपती निवासात आहे, तिथे १९६५ पासून अभ्यासक येत आहेत, निवड किती मानाची आहे, हे प्राचार्यांना ठाऊक असतं, नसलं तरी निवडपत्रावरून कळतं. ती जागा तासिकांसाठी वापरा.

तोंडी होकारावर तिकीट काढू नका, निदान रद्द करता येणार नाही असं तरी नको. ‘तुम्ही जा, मागाहून कागद करू’ हे बहुतेक वेळा मनापासून म्हटलेलं असतं. पण दरम्यान प्राचार्य बदलले किंवा सचिवांनी शंका काढली तर तुमची गैरहजेरी विनापरवाना ठरते, आणि ती सेवेतला खंड म्हणून पुढच्या पदोन्नतीच्या वेळी समोर येते. निघण्याआधी आदेशाची प्रत हातात हवी, आणि तिच्यात रजेचा प्रकार, तारखा आणि ‘महाविद्यालयातर्फे’ हे तिन्ही आहे ना, ते वाचून घ्या.

नकार आला तर तो लेखी आणि कारणासह मागा, नम्रपणे. कारण तासांचं असेल तर तक्ता सुधारा. तारखांचं असेल तर उन्हाळी सुट्टीतला महिना मागा. मे महिन्याच्या मूल्यांकनाची अडचण तिथेही आहे, पण वर्ग बुडत नाहीत. वैद्यकीय रजा टाकून जायचा विचार मनात आणू नका. शिमल्याच्या उपस्थिती प्रमाणपत्रावर तारखा छापलेल्या असतात, आणि तेच प्रमाणपत्र तुम्हाला पुढे कॅसच्या फायलीत लावायचं असतं.

परत आल्यावर १० नोव्हेंबरला सकाळीच रुजू अहवाल द्या, सोबत उपस्थिती प्रमाणपत्र जोडा. महिन्याभराने कार्यालयात जाऊन सेवापुस्तक उघडून पाहा, १३ दिवस कर्तव्य रजेत लागले आहेत का ते. आणि एक शक्यता आधीच धरून ठेवा: विद्यापीठ दिवाळीच्या सुट्टीच्या तारखा ऐनवेळी बदलू शकतं. सुट्टी चार दिवस पुढे गेली तर तुमची लागणारी रजा १३ वरून १७ होते, आणि १४ अधिक १७ म्हणजे ३१, मर्यादेच्या एक दिवस बाहेर. असं परिपत्रक आलं की त्याच दिवशी प्राचार्यांना दुसरं पत्र द्या आणि जास्तीच्या एका दिवसासाठी अर्जित रजा जोडून मागा. शिमल्याला निघाल्यावर हे परिपत्रक आलं तर ते तुम्हाला कळवायचं काम विभागातल्या एकाकडे आताच सोपवून ठेवा.